शेअर बाजाराचे शब्द, एका स्लाइडवर एक : ‘स्टॉपलॉस’च्या स्लाइडवर अडले आहे

शैला_पंचवटी

नमस्कार मंडळी. आमच्या पंचवटीतल्या बचत गटात आम्ही चौदा जणी आहोत. त्यातल्या नऊ जणींनी गेल्या वर्षभरात डिमॅट खाती उघडली. कुणाच्या मुलाने उघडून दिलं, कुणाच्या भाच्याने. ॲप सगळ्यांच्या फोनवर आहे, पण त्यातले शब्द कुणालाच धड कळत नाहीत आणि घरात विचारायचा संकोच वाटतो. म्हणून मी व्हॉट्सॲपवर पाठवता येईल अशी, बोटाने सरकवत बघायची स्लाइडमाला करतेय. एका स्लाइडवर एकच शब्द, तीन-चार ओळी, आपल्या घरातली भाषा.

पहिल्या पाच अशा झाल्या आहेत:

१. बिड आणि आस्क – घेणारा म्हणतो “एवढेच देईन”, विकणारा म्हणतो “एवढे घेईन”. लासलगावच्या लिलावासारखं.

२. मार्केट ऑर्डर – भाव न विचारता घेणं. दुकानात जो भाव चालू असेल त्याला.

३. लिमिट ऑर्डर – “यापेक्षा एक पैसा जास्त देणार नाही” असं सांगून घेणं. मिळालं तर मिळालं.

४. स्टॉपलॉस – तुम्ही ठरवलेल्या भावाला शेअर आपोआप विकला जातो. त्यामुळे तुमचं नुकसान तेवढ्यावरच थांबतं.

५. लोअर सर्किट – भाव एका दिवसात ठरावीक मर्यादेपेक्षा खाली जाऊ शकत नाही, तीच मर्यादा.

चौथी स्लाइड गटात दाखवली तेव्हा एक जण म्हणाली, “म्हणजे विमाच की!” सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, पण घरी आल्यावर कुठेतरी खटकत राहिलं. जाणकारांनी सांगा, हे बरोबर आहे का? आणि भाषा अजून सोपी करता येईल का?

मृण्मयी_को

शैलाताई, उपक्रम फार आवडला. एक सुचवते: स्लाइडवर शब्द मोठा, खाली ओळी त्याच्या निम्म्या आकारात, आणि पार्श्वभूमी पांढरी ठेवा. बायका चष्मा न लावता फोन बघतात, माझी आई तरी तसंच करते. तिसरी स्लाइड सगळ्यांत छान जमली आहे.

प्रसाद_पुणे

चांगला धागा. सध्या पहिल्यांदा घ्यायला कुठला शेअर बरा?

चहाबाज

प्रसादराव, धागा शब्दांचा आहे, शेअरचा नाही. तुम्ही मेनूकार्ड वाचायच्या आधीच बिल मागताय. 🙂

उन्हाळकांदा

ताई, मी निफाड तालुक्यातला. लासलगावला पंधरा वर्षं माल घेऊन जातोय, म्हणून पहिल्या स्लाइडबद्दल बोलतो. लिलावात विकणारा एक आणि घेणारे दहा असतात. ट्रॅक्टर उभा असतो, व्यापारी भोवती जमतात, एक जण बोली लावतो, दुसरा पन्नास-शंभरने चढवतो, शेवटची बोली ज्याची त्याला माल. शेतकरी “एवढे घेईन” असं तोंडाने म्हणतच नाही. पटलं नाही तर देत नाही म्हणतो, एवढंच. शेअर बाजारात तसं असतं का? माझ्या पोराच्या फोनवर तर दोन्ही बाजूंना आकडे दिसतात.

डीलररूम

मी एकोणीस वर्षं एका ब्रोकरच्या कार्यालयात डीलर होतो, महात्मा नगरला. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे आणि ऑर्डरी टाकायच्या हेच काम. उन्हाळकांदा यांचं बरोबर आहे. एक्स्चेंजवर दोन रांगा असतात, एक घेणाऱ्यांची आणि एक विकणाऱ्यांची. घेणाऱ्यांत जो सर्वांत जास्त द्यायला तयार तो पुढे, विकणाऱ्यांत जो सर्वांत कमी मागतो तो पुढे. भाव सारखा असेल तर ज्याने आधी सांगितलं तो आधी. दोन्ही रांगांची तोंडं एका भावावर जुळली की सौदा झाला. फोनवर दोन्ही बाजूंच्या पुढच्या पाच-पाच ओळी दिसतात.

पण ताई, पहिली स्लाइड थोडी चुकली तरी कुणाचे पैसे जाणार नाहीत. चौथीने जातील. “नुकसान तेवढ्यावरच थांबतं” हे वाक्य काढा. विम्यात विमा कंपनी पैसे देते. स्टॉपलॉसमध्ये तुमच्याकडून घ्यायला समोर कुणीतरी गिऱ्हाईक लागतं, आणि तो येईलच असं कुणीही लिहून दिलेलं नसतं. सविस्तर संध्याकाळी लिहितो.

ट्रेडर_सातपूर

डीलररूम साहेब, उगाच घाबरवू नका. मी तीन वर्षं रोज ट्रेड करतो, स्टॉपलॉसनेच वाचलोय. लावलाय तिथेच निघतो, फार तर पाच-दहा पैसे इकडे तिकडे. नवीन लोकांना सगळ्यात आधी शिकवायचा शब्द तोच आहे. स्लाइड बरोबर आहे ताई, बदलू नका.

वनिता७१

माझी गोष्ट सांगते, म्हणजे कुणीतरी उलगडून सांगेल. गेल्या वर्षी मी एका कंपनीचे ५० शेअर ४०० रुपयांना घेतले. मुलाने सांगितलं म्हणून ३८० चा स्टॉपलॉस लावला. पोटात शांत वाटलं, की जास्तीत जास्त हजार-अकराशे जातील. एका संध्याकाळी कंपनीचे तिमाही निकाल आले, ते वाईट होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर ३५१ ला उघडला. मी म्हटलं जाऊ दे, विकले गेले असतील. दुपारी जेवण झाल्यावर बघितलं तर पन्नासच्या पन्नास शेअर तसेच खात्यात, आणि भाव ३४०. ॲपच्या मदत क्रमांकावर फोन केला, तिथली मुलगी म्हणाली, “मॅडम, तुमची ऑर्डर ट्रिगर झाली होती.” ट्रिगर झाली तर विकली का नाही गेली, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलं नाही. ॲपने फसवलं असंच मी धरून चालले आहे.

चहाबाज

वनिताताई, हे वाचून माझा चहा गार झाला. डीलररूम, आता संध्याकाळची वाट नका बघू.

डीलररूम

वनिताताई, तुम्हाला ॲपने फसवलं नाही. तुम्हाला अर्धंच शिकवलं गेलं, आणि ते अर्धं म्हणजेच शैलाताईंची चौथी स्लाइड.

स्टॉपलॉस लावताना बहुतेक वेळा दोन आकडे भरायचे असतात. तुम्हीही भरले असणार, आठवून बघा. एक ट्रिगरचा, तुमच्या बाबतीत ३८०. दुसरा त्याच्या जरा खाली, समजा ३७८. पहिल्या आकड्याचा अर्थ ‘केव्हा जागं व्हायचं’. भाव ३८० ला किंवा त्याखाली आला की तोवर झोपलेली ऑर्डर जागी होते आणि विकणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहते. दुसऱ्या आकड्याचा अर्थ ‘कमीत कमी किती घ्यायचे’. रांगेत उभी राहिलेली ऑर्डर ३७८ च्या खाली विकत नाही, कारण तुम्हीच तिला तसं सांगितलं आहे.

आता तुमची सकाळ बघू. रात्री निकाल आले तेव्हा बाजार बंद होता. सकाळी ९ ते ९:१५ या वेळात आदल्या रात्रीच्या बातम्या पचवून उघडायचा भाव ठरतो, तो ठरला ३५१. म्हणजे ३८०, ३७९, ३७८ हे भाव त्या दिवशी आलेच नाहीत. काल ३८० च्या वर आणि आज थेट ३५१, मधल्या पायऱ्या गायब. सव्वानऊला पहिला सौदा ३५१ ला झाला, तो ३८० च्या खाली, म्हणून तुमची ऑर्डर लगेच जागी झाली. मदत क्रमांकावरची मुलगी खरं बोलली. पण जागी होऊन ती ३७८ मागत उभी राहिली, आणि शेजारी लोक ३५१ ला विकत होते. तुमच्याकडून २७ रुपये जास्त देऊन कोण घेणार? ऑर्डर दिवसभर तशीच उभी राहिली.

तुम्ही धरलेलं नुकसान ५० शेअरवर २२ रुपयांनी ११०० होतं. ३४० च्या भावाने ते ३००० झालं, आणि ते थांबलंही नव्हतं, कारण शेअर अजून तुमच्याच खात्यात होते.

हे ओळखायचं कसं तेही सांगतो. ऑर्डरच्या यादीत आधी TRIGGER PENDING असं दिसतं, म्हणजे झोपलेली. मग OPEN दिसलं तर ती रांगेत आहे, विकलेली नाही. COMPLETE दिसलं तरच विकलं गेलं. प्रत्येक ॲपवर शब्द थोडे वेगळे असतील, पण या तीन अवस्था सगळीकडे असतात. सकाळी साडेनऊला तुम्ही OPEN बघितलं असतं तर भाव बदलून ३५० च्या आसपास विकता आलं असतं, किंवा ‘नको विकायला’ हे तुम्ही स्वतः ठरवलं असतं.

वनिता७१

दोन आकडे होते! मुलगा म्हणाला होता, “खालचा थोडा कमी टाक.” का ते त्याने सांगितलं नाही, आणि त्यालाही ठाऊक नसावं. वर्षभर त्या ॲपवाल्यांना शिव्या देत होते.

ट्रेडर_सातपूर

ओके, हे लिमिटवाल्या स्टॉपलॉसचं झालं. मग मार्केटवाला लावा ना, SL-M. तिथे दुसरा आकडाच नसतो. ट्रिगर झाला की मिळेल त्या भावाला विकलं जातं. प्रश्न संपला. मी तोच वापरतो.

डीलररूम

निम्मा संपला. तुम्ही दिवसाच्या दिवशी घेता-विकता, तेही मोठ्या, भरपूर सौदे होणाऱ्या शेअरांत. तिथे तुमचं पाच-दहा पैशांचं म्हणणं अगदी खरं आहे, कारण रात्र मध्ये येत नाही आणि रांगेत हजारो लोक असतात. वनिताताई शेअर महिनोन्महिने ठेवतात. त्यांच्या जागी SL-M असता तर ते ३५१ च्या आसपास विकले गेले असते. म्हणजे नुकसान २४५० च्या घरात, ११०० नाही. विकलं जाणं पक्कं झालं, भाव पक्का झाला नाही. लिमिटमध्ये याच्या उलट.

आणि लहान कंपन्यांत ‘मिळेल तो भाव’ म्हणजे काय ते बघा. समजा एका शेअरला घेणारे असे उभे आहेत: ४८.२० ला ८० शेअर, ४७.५० ला १०० शेअर, ४६ ला १२० शेअर. तुमची ३०० ची ऑर्डर मार्केट भावाने आली की ती तिन्ही पायऱ्या खात खाली उतरते. स्क्रीनवर ४८.२० दिसत होतं, हातात सरासरी ४७ रुपये ९ पैसे पडले. रांग याहून विरळ असली तर आणखी खाली. अशा बिनभावाच्या ऑर्डरींमुळे चुकीच्या भावाला सौदे होतात म्हणूनच बीएसईने ऑक्टोबर २०२३ पासून SL-M घेणंच बंद केलं. एनएसईवर शेअरांसाठी आहे, ऑप्शन्ससाठी त्यांनीही २०२१ मध्ये काढून टाकलं.

ट्रेडर_सातपूर

बीएसईचं माहीत नव्हतं. मी एनएसईवरच असतो. रात्रीचं म्हणाल तर मान्य, मी पोझिशन घरी नेतच नाही. पण तरीही नवीन माणसाला स्टॉपलॉस शिकवायलाच हवा या मतावर ठाम आहे.

आजोबा_गंगापूररोड

मी नेमकं उलट म्हणेन. मी १९८६ पासून शेअर घेतोय, तेव्हा कागदी सर्टिफिकेटं टपालाने यायची आणि सही जुळली नाही म्हणून परत जायची. स्टॉपलॉस मी आजवर एकदाही लावलेला नाही. शैलाताईंच्या मैत्रिणी महिन्याला हजार-दोन हजारांचे चांगले शेअर घेऊन ठेवणार असतील, तर २३ मार्च २०२० सारख्या दिवशी त्यांचे सगळे शेअर तळाला विकले गेले असते. त्या दिवशी सेन्सेक्स सकाळी दहा टक्के पडला, सर्किट लागून सगळा बाजार पाऊण तास बंद ठेवला, आणि उघडल्यावर आणखी पडून तेरा टक्के खाली बंद झाला. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचे भाव त्याच वर्षात परत आले. ही स्लाइड ठेवूच नका, त्या जागी ‘लाभांश’ घ्या.

मृण्मयी_को

आजोबा, सेन्सेक्सचे परत आले, पण एखादी कंपनीच बुडाली तर? सगळे शेअर परत येत नाहीत ना. आमच्या शेजारच्या काकांकडे अशा दोन कंपन्या आहेत, ज्यांचा आता भावही लागत नाही.

आजोबा_गंगापूररोड

तेही खरं. पण त्यावर उपाय म्हणजे मुळात कंपनी बघून घेणं. ३८० चा आकडा कंपनी चांगली की वाईट हे सांगत नाही.

शैला_पंचवटी

केवढं शिकायला मिळतंय! आजोबा, स्लाइड काढता येणार नाही, कारण शब्द ॲपवर आहे आणि दोघीतिघींनी तो आधीच वापरला आहे. पण डीलररूमदादा, तुम्ही लिहिलेलं तीन ओळींत बसवायचं कसं? ‘झोपलेली ऑर्डर’ आवडलं. तरी दोन आकडे कळायला घरातलं एखादं उदाहरण हवं. मी गॅसचा रेग्युलेटर, टाकीचा फ्लोट असं बरंच करून बघितलं, सगळीकडे गोष्ट खात्रीने थांबते. इथे तेच तर चुकतंय.

उन्हाळकांदा

ताई, बघा जमतंय का. मी चाळीत कांदा साठवला आहे, भाव २२०० आहे. मला चार दिवस बाहेरगावी जायचंय. भाच्याला सांगून जातो: “भाव १९०० च्या खाली गेला की वाट बघू नको, ट्रॅक्टर भरून लासलगावला उभा कर. पण १८५० च्या खाली देऊ नको.” हेच दोन आकडे ना? पहिला ट्रॅक्टर कधी काढायचा त्याचा, दुसरा किती कमीत द्यायचा त्याचा.

आता ८ डिसेंबर २०२३ आठवा. कांद्याची निर्यातबंदी आदल्या रात्री आली आणि एका रात्रीत भाव कोसळले, आमच्याकडे लिलावही बंद पडले. तसं काही झालं की भाचा मी सांगितल्याप्रमाणे ट्रॅक्टर काढणार, बोली लागणार १५०० ची, आणि तो १८५० धरून बसणार. मी बाहेरगावी निश्चिंत, की माल १८५० ला तरी गेलाच असेल. आणि माल ट्रॉलीतच.

डीलररूम

एकोणीस वर्षांत मला हे इतकं स्वच्छ सांगता आलं नाही. दादा, तुमचं उदाहरण तंतोतंत आहे. आणि भाच्याला नुसतं “१९०० च्या खाली गेला की मिळेल त्या भावाला देऊन टाक” असं सांगितलं तर तो झाला SL-M. तेव्हा माल १५०० ला गेला असता. दोन्हींत बरोबर-चूक नाही, आपल्याला कशाची भीती जास्त आहे त्यावर ठरतं: माल उरण्याची की कमी भावात जाण्याची.

चहाबाज

आणि भाचा दुपारी झोपला तर?

डीलररूम

चहाबाज, तुम्ही गमतीत विचारलंत, पण तो फार कामाचा प्रश्न आहे. भाचा खरंच झोपतो, रोज दुपारी साडेतीनला.

एक्स्चेंजवरची साधी स्टॉपलॉस ऑर्डर त्या एका दिवसापुरती असते. बाजार साडेतीनला बंद झाला की ती रद्द होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावी लागते. माझ्या डीलरकीच्या काळात “मी तर मागच्या महिन्यात लावला होता” म्हणत येणारं गिऱ्हाईक दर आठवड्याला एक तरी असायचं. दिवसांपलीकडे टिकणारी सोय ब्रोकर आपल्या बाजूने देतो, बहुतेक ॲपवर तिला GTT म्हणतात. त्यात सूचना ब्रोकरच्या संगणकावर पडून असते आणि ट्रिगरचा भाव आला की तो तुमच्या वतीने ऑर्डर पाठवतो. वनिताताईंचीही तशीच असणार, नाहीतर ती दुसऱ्या सकाळी जागीच झाली नसती.

त्यातही एक खोच आहे. खात्यातले शेअर विकायला तुमची परवानगी लागते. खातं उघडताना डीडीपीआय नावाचा कागद सही केला असेल तर ती कायमची दिलेली असते. केला नसेल तर विकायच्या दिवशी टी-पिन आणि ओटीपी टाकावा लागतो. तो टाकला नाही तर भाचा बाजार समितीच्या फाटकापर्यंत जातो आणि तिथूनच परत फिरतो, ऑर्डर REJECTED. गटातल्या नऊ जणींची खाती मुलाभाच्यांनी उघडली म्हणता, तर हे एकदा प्रत्येकीच्या ॲपवर बघून घ्या.

वनिता७१

हो, माझ्यात GTT लिहिलेलं होतं. आत्ता बघितलं.

प्रसाद_पुणे

माझा प्रश्न राहूनच गेला, पण आता विचारत नाही. आधी माझ्या ॲपवर डीडीपीआय शोधतोय.

मृण्मयी_को

पाचव्या स्लाइडबद्दल कुणीच बोललं नाही. “खाली जाऊ शकत नाही” वाचून मला तर सुरक्षित वाटलं, म्हणजे सरकारने तळ बांधून दिलाय असं.

डीलररूम

बरं झालं आठवण केलीत, कारण ती चौथीलाच जोडलेली आहे. ज्या शेअरला पाच टक्क्यांची मर्यादा आहे तो एका दिवसात १०० वरून ९५ पर्यंतच येईल. पण दुसऱ्या दिवशी मर्यादा ९५ वरून मोजतात, म्हणजे ९०.२५. तिसऱ्या दिवशी साधारण ८५.७५. तळ रोज खाली सरकतो. आणि त्या भावाला सौदे बंद नसतात, बंदी फक्त त्याहून खालच्या भावाला असते. कुणी ९५ ला घ्यायला आला तर सौदा होतो. अडचण ही की सगळ्यांना उद्या आणखी खाली जाणार हे दिसत असतं, म्हणून घ्यायला कुणी येत नाही. स्क्रीनवर विकणाऱ्यांच्या बाजूला लाखांचे आकडे, घेणाऱ्यांच्या बाजूला शून्य. अशा दिवशी स्टॉपलॉस SL-M असला तरी उपयोग नाही. भाचा निघाला, ट्रॅक्टर लागला, “मिळेल तो भाव घेतो” म्हणाला, पण एकही व्यापारी आवारात नाही.

आजोबांनी सांगितलं ते सर्किट वेगळं. ते निर्देशांकाचं, त्यात सगळ्या बाजाराचे सौदे थांबवतात. नाव एकच असल्याने गोंधळ होतो. स्लाइडवर फक्त शेअरचंच ठेवा. मोठ्या शेअरांपैकी ज्यांच्यात वायदे चालतात त्यांना अशी ठाम मर्यादाही नसते, पण ते पहिल्याच फेरीत नको.

आणखी एक, ताई. उदाहरणात खऱ्या कंपनीचं नाव आणि सध्याचा भाव टाकू नका. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने शिकवणाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं, अलीकडच्या भावांसकट शेअरचं नाव घेऊन शिकवणं हे सल्ला देणं धरलं जाऊ शकतं. कांदाच बरा.

उन्हाळकांदा

कांद्यावर सेबी नाही, पण दिल्ली आहे.

ट्रेडर_सातपूर

😄 यावर सहमत. बाकी आजोबांशी माझं जमणार नाही, पण स्लाइड बदलायला हरकत नाही माझी.

आजोबा_गंगापूररोड

ट्रेडरराव, जमायचं कारणही नाही. तुमचं काम दिवसाचं, माझं वीस वर्षांचं. माझा आग्रह एवढाच, की स्लाइडवर हे वाचून कुणी उगाच सगळ्या शेअरांना स्टॉपलॉस लावत सुटू नये.

शैला_पंचवटी

रात्री बसून नव्याने केल्या. एकीच्या दोन झाल्या, ‘एका स्लाइडवर एक शब्द’ हा नियम मोडला, पण इलाज नव्हता. वाचा:

४. स्टॉपलॉस – घरात साठवलेला कांदा. भाच्याला सांगितलं: भाव १९०० च्या खाली गेला की ट्रॅक्टर काढ, पण १८५० च्या खाली देऊ नको. १९०० हा ट्रिगर, १८५० ही लिमिट. रात्रीत भाव १५०० झाला तर ट्रॅक्टर निघेल, माल विकला जाणार नाही. स्टॉपलॉस म्हणजे विमा नव्हे.

४अ. स्टॉपलॉस लावल्यावर बघायचं काय – ऑर्डर आज साडेतीनलाच संपणार की पुढेही राहणार? विकायची परवानगी दिलेली आहे का? ट्रिगर झाल्यावर OPEN दिसतंय की COMPLETE? COMPLETE म्हणजेच विकलं.

५. लोअर सर्किट – आजच्या दिवसापुरता खालचा शेवटचा भाव. उद्या तो आणखी खाली सरकू शकतो. तिथे विकणारे खूप असतात, घेणारा बहुधा नसतो.

पहिल्या स्लाइडवरून लासलगाव काढलं, तिथे दोन रांगा दाखवल्या आहेत. मृण्मयी, अक्षर मोठं केलंय.

डीलररूम

चौथीत ‘माल विकला जाणार नाही’ऐवजी ‘माल विकला न जाण्याची शक्यता आहे’ करा. दुपारून भाव परत १८५० वर आला तर विकला जाईलही. बाकी मला एकही शब्द बदलायचा नाही.

शैला_पंचवटी

बदलते.

वनिता७१

या स्लाइडा मला पाठवाल का? मुलाला दाखवायच्या आहेत.

उन्हाळकांदा

ताई, ते “विमाच की” म्हणणाऱ्या होत्या, त्यांना दाखवलं का? काय म्हणाल्या?

शैला_पंचवटी

आज दुपारी दाखवलं. तिने स्लाइड दोनदा वाचली आणि म्हणाली, “मग माझा आत्ता कुठे आहे ते बघू.” दोघींनी मिळून तिचं ॲप उघडलं. ऑर्डरच्या यादीत काहीच नव्हतं, GTT मध्येही काही नव्हतं. स्टॉपलॉस तिने तीन महिन्यांपूर्वी लावला होता.